क्षेत्र प्रकल्प चॅटजीपीटीने लिहून येतायत, गुण नेमके कशाचे द्यायचे?

तलावकाठ
नमस्कार मंडळी. मी झाडीपट्टीतल्या एका तालुक्याच्या गावी कला-वाणिज्य महाविद्यालयात शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना क्षेत्र प्रकल्प असतो, 2 श्रेयांक, 50 गुण. आम्ही यंदा विषय दिला होता ‘आपल्या गावचा मामा तलाव’, म्हणजे गावातला जुना माजी मालगुजारी तलाव. चौघांचा एक गट. गटाने गावातल्या 25 घरांत जाऊन प्रश्नावली भरून आणायची, तलाव पाहायचा आणि पंधरा-वीस पानांचा अहवाल द्यायचा. एकूण 96 मुलं, म्हणजे 24 गट.

अहवाल आलेत. मराठी इतकी गुळगुळीत की आमच्या मुलांची वाटतच नाही. एका गटाने लिहिलंय, तलावाच्या पाण्यावर ठिबक सिंचनाने ऊस आणि द्राक्षं घेतली जातात. त्या गावात धान, आणि धान निघाल्यावर लाखोळी, याशिवाय काही नाही. दुसऱ्या गटाच्या तक्त्यात ‘63.7 टक्के कुटुंबं तलावावर अवलंबून’ असं आहे. भरलेले फॉर्म मागितले, तर म्हणे घरी राहिले.

कॉलेजात ठरतंय असं की तपासणारं सॉफ्टवेअर घ्यायचं, आणि 20 टक्क्यांच्या वर ‘एआय’ दाखवलं की प्रकल्प नापास. मला हे पटत नाही. पण नुसतं पटत नाही म्हणून भागणार नाही, परीक्षा समितीपुढे पर्याय लेखी ठेवायला सांगितलंय. गुणांची विभागणी बदलायची की नियम, की दोन्ही? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी सांगावं.

कपाशी_यवतमाळ
मॅडम, आमच्याकडं बारावीच्या पेपरले भरारी पथक येते, तवा पोट्टे कसे सरळ होतात! तसंच एखादं पथक पाठवा ना. मोबाईल गेटवर जमा करून घ्या.

तलावकाठ
कपाशीभाऊ, ही बंद खोलीतली परीक्षा नाही. मुलं महिना-दीड महिना गावात काम करून अहवाल आणतात. गेट कुठे लावू?

कपाशी_यवतमाळ
हो का. मले वाटलं पेपरचं चालू हाय. वाचून रायलो, चालू द्या.

नियम_म्हणजे_नियम
यात नवीन काही करायची गरजच नाही. यूजीसीचे 2018 चे नियम आहेत. 10 टक्क्यांपर्यंत साम्य माफ. 10 ते 40 मध्ये सुधारून परत द्यायला सहा महिन्यांपर्यंत मुदत. 40 ते 60 मध्ये एक वर्ष सादर करता येत नाही. 60 च्या वर नोंदणी रद्द. हेच लावा, कोणी बोट दाखवणार नाही.

ग्रंथालय_अकोला
आकडे बरोबर सांगितलेत, पण ते इथे लागू होत नाहीत. माझं रोजचं काम हेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक, तो नियम प्रबंध, लघुप्रबंध, शोधनिबंध, पुस्तकं अशा लेखनासाठी आहे. व्याख्येतच म्हटलंय की असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, निबंध, उत्तरपत्रिका यातून वगळल्या आहेत. मॅडमचा क्षेत्र प्रकल्प त्यात बसत नाही. उद्या एखाद्या पालकाने विचारलं की कोणत्या कलमाखाली नापास केलं, तर दाखवायला कलम नाही.

दोन, ते टक्के साम्याचे आहेत. सॉफ्टवेअर अहवालातलं वाक्य आधी छापलेल्या मजकुराशी जुळतं का ते बघतं. चॅटजीपीटी दर वेळी नवी वाक्यं जुळवून देतो, ती कुठेच छापलेली नसतात. त्यामुळे सगळा अहवाल यंत्राने लिहिला तरी साम्य 3 टक्के येऊ शकतं. उलट, मुलाने प्रामाणिकपणे शासन निर्णयाची चार वाक्यं उतरवली तर साम्य वाढतं. पीएचडीच्या मुलांना हे समजावताना माझा घसा बसतो.

तीन, त्या नियमात चोरी म्हणजे दुसऱ्या कोणाचं काम किंवा कल्पना आपली म्हणून दाखवणं. यंत्राने लिहिलेलं कोणाचं काम? तो नियम लिहिला तेव्हा हा प्रश्नच कोणासमोर नव्हता. म्हणून कॉलेजला आपला छोटा नियम लिहावाच लागेल.

नियम_म्हणजे_नियम
प्रकल्प वगळल्याचं माझ्या लक्षात नव्हतं, मान्य. पण मॅडमकडे जे घेणार आहेत ते साम्याचं नाही, एआय ओळखणारं आहे. ते तर बरोबर त्याचसाठी बनलंय ना?

ग्रंथालय_अकोला
बनलंय त्यासाठीच. किती खरं सांगतं ते बघू.

चॅटजीपीटी ज्यांनी काढलं त्या ओपनएआयने 2023 च्या जानेवारीत स्वतःचं ओळखयंत्र आणलं. त्यांनीच आकडे दिले होते: यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी 26 टक्केच ते ओळखायचं, आणि माणसाने लिहिलेल्यापैकी 9 टक्के मजकुराला चुकून यंत्राचा म्हणायचं. जुलै महिन्यात त्यांनी ते मागे घेतलं, अचूकता कमी म्हणून. आता हे आकडे मॅडमच्या वर्गाला लावा. हिशेब सोपा जावा म्हणून 100 मुलं धरू. समजा 60 जणांनी वापरलं, 40 जणांनी स्वतः लिहिलं. 60 पैकी 16 पकडले जातील, 44 सुटतील. आणि स्वतः लिहिणाऱ्या 40 पैकी तीन-चार जण आरोपी होतील. म्हणजे समितीपुढे उभ्या राहणाऱ्या दर पाच-सहा मुलांत एक निर्दोष. कोणता ते यंत्र सांगत नाही.

नंतरची यंत्रं यापेक्षा बरी आहेत, हे मी नाकारत नाही. पण अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने 2023 च्या ऑगस्टमध्ये टर्निटिन या तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचं एआय ओळखणं बंद केलं, तेव्हा हिशेब असाच मांडला होता. वर्षाला 75,000 निबंध, कंपनी म्हणते चूक 1 टक्का, म्हणजे 750 निबंधांवर खोटा ठपका. शिवाय हे सगळे हिशेब इंग्रजीचे. आमच्या मराठी अहवालांवर ही यंत्रं किती चुकतात याचा भरवशाचा आकडा मला कोणी दाखवलेला नाही. समितीने विक्रेत्याला पहिला प्रश्न तोच विचारावा.

पोरीचा_बाबा
मी मास्तर नाही, शेतकरी आहे. पण माझ्या पोरीवर हेच गुदरलं म्हणून लिहितो. बारावीपर्यंत मराठीत शिकली, आता शहरात इंग्रजीतून कॉम्प्युटरचा कोर्स करते. असाइनमेंट स्वतः लिहिली, कॉलेजचं नाव मी घेत नाही, तिथे मशीनने 70 टक्के एआय दाखवलं. सरांनी सर्वांसमोर उभं केलं. पोरगी दोन दिवस जेवली नाही. म्हणते बाबा, मी सोपी सोपी वाक्यं लिहिली, पाठ केलेले शब्द वापरले, तर मशीनला मी मशीन वाटली. हे कसं काय होते कोणी सांगेल का?

ग्रंथालय_अकोला
काका, पोरगी बरोबर सांगतेय. ही यंत्रं पुढचा शब्द किती अंदाजात येण्यासारखा आहे ते मोजतात. ज्याची इंग्रजी शिकलेली आहे, तो ठरावीक शब्द, ठरावीक रचना वापरतो, म्हणून त्याचं लिहिणं ‘अंदाजात येणारं’ ठरतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये सात ओळखयंत्रं तपासली होती. टोफेल परीक्षेतले, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले 91 निबंध दिले. सरासरी 61 टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले. अमेरिकी शाळकरी मुलांच्या निबंधांवर हीच यंत्रं जवळपास बरोबर होती.

तिला सांगा, कच्चं लिखाण, खोडलेली पानं, फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेव. आणि कॉलेजला लेखी अर्ज द्या की मला तोंडी विचारा.

पोरीचा_बाबा
धन्यवाद साहेब. तोंडी विचारलं असतं तर तिनं सगळं सांगितलं असतं. कोणी विचारलंच नाही.

शाई_दौत
इतकं कशाला? हाताने लिहून आणा म्हणायचं. फुलस्केपवर, निळ्या पेनाने. निदान एकदा तरी हाताखालून जाईल.

बीए_दुसरं_वर्ष
मॅडम, मी विद्यार्थीच आहे (तुमच्या कॉलेजचा नाही). हाताने लिहायला लावलं तर आम्ही मोबाईल समोर ठेवून उतरवतो. गटात ज्या मुलीचं अक्षर चांगलं तिच्यावर सगळं पडतं, बाकी तिघं तिला समोसा आणून देतात. माझी बहीण अशी चार वर्षं सगळ्या गटांची लेखनिक होती.

आणि खरं सांगू का, चॅटजीपीटी यायच्या आधीही आम्ही 25 घरी जात नव्हतो. पारावर बसून फॉर्म भरायचो. पाच-सहा घरी खरंच विचारायचं, बाकी आपल्या मनाने. त्याआधीचे लोक झेरॉक्स सेंटरवरून मागच्या वर्षीचा प्रकल्प घ्यायचे आणि पहिलं पान बदलायचे. आता तेच काम मोबाईल करतो.

शाई_दौत
समोशाचं ऐकून हसलो, पण ती लेखनिक पोरगी डोळ्यासमोर आली. हाताने लिहिण्याचा आग्रह सोडतो.

सांख्यिकी_अमरावती
विद्यार्थ्याने फार महत्त्वाचं सांगितलंय. मॅडमच्या पहिल्या पोस्टमधला 63.7 हा आकडा कोणी बघितला का?

25 घरं असतील तर एक घर म्हणजे 4 टक्के. 15 घरं म्हणजे 60, 16 घरं म्हणजे 64. मध्ये काही येऊच शकत नाही. 25 घरांच्या कोणत्याही तक्त्यात पूर्ण संख्याच यायला हवी आणि ती 4 च्या पाढ्यातली हवी. कोणी म्हणेल की काही घरांनी उत्तर दिलं नसेल. ठीक, तेही करून बघितलं. 22 जणांनी उत्तर दिलं आणि 14 हो म्हणाले, तर 63.6 येतं. जवळ आहे, पण 63.7 नाही. 1 पासून 25 पर्यंत कोणत्याही संख्येने भागून 63.7 मिळत नाही. म्हणजे हा आकडा मोजून आलेला नाही.

हे तपासायला सॉफ्टवेअर लागत नाही, आणि मुलगा म्हणू शकत नाही की मशीन चुकलं. मी लघुप्रबंध तपासताना सगळ्यात आधी तक्तेच बघतो. एकूण संख्या किती, टक्के त्या संख्येतून निघतात का, एका तक्त्यात 25 घरं आणि पुढच्यात 31 कशी झाली. भाषा किती गोड आहे याच्याशी मला घेणं नसतं.

एक सावधगिरी मात्र घ्या. 63.6 चं 63.7 होणं ही पूर्णांकन करताना किंवा टाइप करताना झालेली चूकही असू शकते. म्हणून एका आकड्यावर शिक्षा नको. त्या आकड्यावरून भरलेले फॉर्म मागा. फॉर्म नसतील तर प्रश्न मिटला.

तलावकाठ
सर, हे वाचून मी लगेच सगळे 24 अहवाल काढले. 9 गटांच्या तक्त्यांत 4 च्या पाढ्यात न बसणारे टक्के आहेत. त्या 9 पैकी 6 जणांकडे भरलेले फॉर्म नाहीत, तिघांकडे आहेत पण बेरीज चुकलीय. ते तिघं खरंच घरोघरी गेले होते. सॉफ्टवेअरवर सोडलं असतं तर ते तिघं आणि हे सहा एका रांगेत बसले असते.

सीएचबी_दहा_वर्षं
सगळं छान आहे, पण हे करणार कोण? मी तासिका तत्त्वावर शिकवतो. मला तासाचे पैसे मिळतात, फॉर्म तपासण्याचे नाही, व्हायवाचेही नाही. प्रकल्प मार्गदर्शन आमच्याच गळ्यात असतं. वरचे लोक नवी पद्धत ठरवतात, रात्री जागून ती आम्ही राबवतो. आधी याचं उत्तर द्या, मग पुढे बोलू.

गोंदियाकर_सिडनी
सीएचबी सरांचा मुद्दा रास्त आहे आणि त्यातच उत्तर दडलंय असं मला वाटतं. मी मूळचा गोंदियाचा, इथे विद्यापीठात शिकवतो. सिडनी विद्यापीठात 2023 मध्ये मूल्यमापनाचे दोन मार्ग मांडले गेले. एक सुरक्षित: विद्यार्थी समोर असतो, आपण बघतो, विचारतो. दुसरा खुला: विद्यार्थी काहीही वापरो, पण वापरलेलं सांगतो, आणि तिथे पोलिसगिरी करायची नाही. यातला खरा विचार असा की प्रत्येक असाइनमेंटवर पहारा ठेवायचा नाही. पूर्ण पदवीत थोड्याच जागा पक्क्या ठेवायच्या, तिथेच मनुष्यबळ लावायचं.

तुमच्याकडे प्रकल्पाच्या 50 पैकी अहवालाला किती आणि तोंडीला किती?

तलावकाठ
अहवाल 40, व्हायवा 10. व्हायवा म्हणजे नाव विचारायचं आणि सही घ्यायची, असंच चालत आलंय.

गोंदियाकर_सिडनी
मग जिथे यंत्र सगळ्यात चांगलं काम करतं तिथेच तुमचे 80 टक्के गुण आहेत. हे उलटं करा. अहवालाला 10. क्षेत्र डायरीला 15, भरलेले फॉर्म आणि त्यातून केलेला तक्ता यांना 10, आणि व्हायवा 15. झाले 50. आता कोणी अहवालाची भाषा यंत्राकडून सरळ करून घेतली तरी 10 गुणांचाच प्रश्न आहे, आणि तेवढं मी सरळ मान्य करीन.

वेळेचं बघू. 24 गट, प्रत्येकी 20 मिनिटं, म्हणजे 8 तास. रोज दोन तास, दिवसाला 6 गट, चार दिवसांत होतं. पंधरा-वीस पानांचे 24 अहवाल ओळीने वाचायला यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि आता ते वाचावे लागणार नाहीत. फक्त तक्ता चाळायचा आणि फॉर्म समोर ठेवायचे. सीएचबी सर, तास वाढत नाहीत, जागा बदलते. आणि हे तास वेळापत्रकात दाखवा, म्हणजे त्यांचे पैसे मागता येतील.

सीएचबी_दहा_वर्षं
वेळापत्रकात दाखवलं तर मी तयार आहे. तोंडी आश्वासनावर नाही.

नागभीडची_माणूस
व्हायवाला प्रश्न पुस्तकातले नका विचारू. ‘तलावाचे महत्त्व सांगा’ म्हटलं की पाठ केलेलं बाहेर येतं. आमच्या गावच्या तलावाबद्दल मी विचारलं असतं: तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, कोणत्या बाजूला आहे? पाळीवर चढलात तेव्हा बेशरमाची झुडपं किती वाढलेली दिसली? पाणी आधी कोणाच्या बांधीत जातं आणि शेवटी कोणाच्या? ढीवर समाजाची संस्था मासेमारी करते का, तिचा ठेका कोणाकडून आहे? जो गेला तो सांगेलच, गेला नाही त्याला मोबाईलसुद्धा सांगणार नाही, कारण हे कुठे लिहिलेलंच नाही.

माझे वडील सांगायचे, मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि पाळ कोणी बांधायची हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळतोय. मुलं हे नीट विचारून आली तर ग्रामपंचायतीला तरी उपयोग होईल. माफ करा, विषय सोडून बोलले.

तलावकाठ
ताई, विषय सोडून नाहीच. हे चार प्रश्न मी जसेच्या तसे घेणार.

सांख्यिकी_अमरावती
त्यात एक भर. गठ्ठ्यातला कोणताही एक फॉर्म काढा, समजा 14 नंबरचा, आणि गटातल्या प्रत्येकाला वेगळं विचारा: या घरी कोण गेलं, कोण बोललं, कोणत्या प्रश्नाला ते अडखळले, उत्तर नाही असं कुठे आलं. खऱ्या फॉर्मांत रिकाम्या जागा असतात, खाडाखोड असते, एखादी आजी प्रश्न सोडून नातवाचं सांगते. पारावर बसून भरलेल्या 25 फॉर्मांत प्रत्येक चौकट भरलेली असते आणि पेन एकच असतो.

लाजाळू_पण_खरी
सगळे व्हायवाचं कौतुक करतायत, म्हणून विरोधात लिहिते. व्हायवात कोणाला गुण मिळतात ते मी पाहिलंय. जो धिटाईने बोलतो, ज्याची भाषा ‘शुद्ध’, ज्याच्या आडनावाला सर ओळखतात. आमच्या गटातली गोंड मुलगी सगळ्या घरी गेली होती, लोक तिच्याशीच बोलले, पण सरांसमोर तिचा आवाज निघाला नाही. दुसऱ्याने तिचंच सांगून गुण घेतले. लेखी पेपरला निदान नाव झाकलेलं असतं. 15 गुण तोंडीवर म्हणजे 15 गुण मर्जीवर.

गोंदियाकर_सिडनी
या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. धोका खरा आहे. कमी करता येतो: दोन परीक्षक, दोघांनी वेगळे गुण लिहायचे आणि मग सरासरी. प्रश्न आधी कागदावर ठरवलेले. भाषेला गुण नाहीत, झाडीबोली, वऱ्हाडी, गोंडी, कोणतीही चालेल. आणि प्रत्येकाला त्यानेच भरलेल्या फॉर्मावरून विचारायचं, म्हणजे एकाला दुसऱ्याचं सांगता येणार नाही.

ग्रंथालय_अकोला
शिवाय लेखी पर्याय ठेवा. ज्याला बोलायला जड जातं, किंवा बोलताना अडखळतो, त्याने त्याच खोलीत बसून 15 मिनिटांत तेच प्रश्न लिहून द्यावेत. कारण विचारायचं नाही, मागितलं की द्यायचं.

लाजाळू_पण_खरी
लेखी पर्याय असेल तर माझा विरोध अर्धा कमी. फॉर्मावर कोणी भरला त्याचं नाव असावं, हे मात्र नक्की टाका. तसं असतं तर तिचं काम दिसलं असतं.

बीए_दुसरं_वर्ष
एक विचारू? मी फॉर्म खरेच भरतो असं धरा. पण अहवालाची मराठी मला जमत नाही, घरी आम्ही वेगळं बोलतो. मी मुद्दे लिहून चॅटजीपीटीला म्हटलं की नीट मराठी कर, तर ती लबाडी का?

नियम_म्हणजे_नियम
लबाडीच. मराठीच्या विद्यार्थ्याला मराठी लिहिता यायला नको?

सांख्यिकी_अमरावती
मराठीच्या पेपरात लबाडी. तलावाच्या प्रकल्पात मला घरं मोजता येतात का ते बघायचंय. आमच्या काळी गावातले मास्तर अर्ज नीट करून द्यायचे, त्याला कोणी लबाडी म्हटलं नाही. पण सांगितलं पाहिजे.

नियम_म्हणजे_नियम
माझं मत वेगळं आहे आणि राहील. पदवीवर भाषा आली असं गृहीत असतं.

तलावकाठ
समितीला द्यायचा मसुदा तयार झाला. इथे टाकते, त्यावर बोला.

सत्राच्या पहिल्या आठवड्यात मुलांना सहीसकट द्यायचं एक पान. त्यात म्हटलंय: अहवालाची भाषा सुधारायला, मथळे सुचवायला यंत्र वापरता येईल, पण शेवटच्या पानावर कशासाठी वापरलं ते दोन-तीन ओळींत लिहायचं. लिहिलं तर गुण कापले जाणार नाहीत. सर्वेक्षणाची उत्तरं, आकडे, मुलाखती आणि पाहणीच्या नोंदी यंत्राकडून किंवा मनाने तयार करता येणार नाहीत. हे माणसाने केलं काय आणि यंत्राने केलं काय, शिक्षा एकच: डायरी, फॉर्म आणि व्हायवा मिळून 40 गुण शून्य, आणि पुढच्या सत्रात तोच प्रकल्प पुन्हा, नव्या गावात.

कोणत्याही ओळखयंत्राचा टक्का पुरावा धरला जाणार नाही. संशय आल्यास आधी फॉर्म आणि डायरी मागायची, मग त्यावरून विचारायचं. दोन शिक्षकांनी लेखी नोंद करायची, मुलाला ती दाखवायची आणि आठ दिवसांत उत्तर द्यायला वेळ द्यायचा. फॉर्मावर भरणाऱ्याचं नाव आणि तारीख. डायरी दर पंधरा दिवसांनी आणून सही घ्यायची, म्हणजे शेवटच्या रात्री एका पेनाने भरता येणार नाही. व्हायवाला लेखी पर्याय. व्हायवाचे तास वेळापत्रकात.

गुणांची 10-15-10-15 ही विभागणी अंतर्गत गुणांत बसते की अभ्यास मंडळाकडे पाठवावी लागेल, ते प्राचार्य विद्यापीठाला विचारणार आहेत. यंदाच्या मुलांना हा नियम आधी सांगितलेला नव्हता, म्हणून त्यांना शिक्षा नाही. फॉर्म नसलेल्या सहा गटांना तीन आठवडे देऊन घरं पुन्हा करायला पाठवतेय.

ग्रंथालय_अकोला
चांगला मसुदा. एक सुधारणा सुचवतो. फॉर्मात घरच्या लोकांची नावं, फोन नंबर असतील तर ते फॉर्म कॉलेजात कुलपात ठेवा आणि निकालानंतर नष्ट करायची तारीख लिहा. लोकांनी मुलांवर विश्वास टाकून सांगितलेलं असतं. आणि मुलांना सांगा, ते फॉर्म फोटो काढून यंत्रात टाकू नका.

तलावकाठ
हे सुटलं होतं, घालते.

नियम_म्हणजे_नियम
मसुद्याला पाठिंबा, भाषेचं कलम सोडून. तिथे ‘प्रत्येक विभागाने आपापल्या विषयापुरतं ठरवावं’ असं लिहा. मराठी विभाग वेगळं ठरवेल.

तलावकाठ
मान्य. तसं लिहिते.

कपाशी_यवतमाळ
सगळं वाचलं मॅडम. माह्या पुतण्या तिसऱ्या वर्षाले हाय, त्याचा प्रकल्प बोंडअळीवर हाय आन् त्यानं आमच्या घरचाच फॉर्म पाच वेळा भरला, नावं बदलून. त्याले हा धागा वाचाले लावला. उद्या संध्याकाळी चल म्हटलं, मी घेऊन जातो चार वावरांवर. त्या फॉर्मात कामगंध सापळ्यात रोज किती पतंग सापडले हे विचारायचं का, का नुसतं फवारणी किती वेळा केली तेच?

सांख्यिकी_अमरावती
दोन्ही विचारा. सापळे एकरी किती लावले हेही लिहून घ्या, नाहीतर एका वावराची दुसऱ्याशी तुलना होणार नाही.